दहा टक्के पैसा, चौदा टक्के घसरण

मार्च १९७३ मध्ये एक डॉलर साधारण २.८० जर्मन मार्कांना मिळत होता. जुलैपर्यंत तो २.३० मार्कांच्या आसपास घसरला आणि जानेवारी १९७४ मध्ये पुन्हा २.८० वर येऊन ठेपला. दहा महिन्यांच्या आत जगातले सगळ्यांत महत्त्वाचे चलन सतरा-अठरा टक्के खाली गेले आणि होते तिथे परत आले. त्या वर्षी अमेरिकेत महागाई सहा टक्क्यांच्या आसपास होती, पश्चिम जर्मनीत सातच्या आसपास. दोन्ही देशांतल्या बाजारभावांत एका टक्क्याचा फरक आणि चलनांच्या दरात सतरा टक्क्यांची हेलकावणी, याची संगती कशी लावायची, हा त्या काळच्या अर्थशास्त्रज्ञांपुढचा खरा प्रश्न होता.

प्रश्न टोचणारा होता, कारण आश्वासन वेगळेच दिले गेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या देशांची चलने डॉलरला ठरावीक दराने बांधलेली होती आणि डॉलर सोन्याला. ऑगस्ट १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि मार्च १९७३ पर्यंत ही सगळी बांधणी सुटली. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ सालीच लिहून ठेवले होते, की दर मोकळे सोडले म्हणून ते अस्थिर होतीलच असे नाही. देशांची धोरणे स्थिर असतील तर दरही स्थिर राहतील. प्रत्यक्षात दर असे उड्या मारू लागले, की सटोडियांचे डोके फिरले आहे, हेच स्पष्टीकरण पुष्कळांना पटू लागले.

रुडिगर डॉर्नबुश यांनी डिसेंबर १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे वेगळे उत्तर दिले. ते मूळचे जर्मनीतल्या क्रेफेल्डचे. शिकागोत डॉक्टरेट केली आणि १९७५ पासून एमआयटीत शिकवत होते. त्यांचे म्हणणे असे, की बाजारातला प्रत्येक माणूस पूर्ण शहाणपणाने वागला, कोणी अफवेच्या मागे धावले नाही, सगळ्यांना पुढचे सगळे दिसत असले, तरीही पैशाचा पुरवठा वाढल्यावर चलन आधी गरजेपेक्षा जास्त घसरेल आणि मग हळूहळू सावरेल. त्यासाठी एकच गोष्ट लागते. दुकानातले भाव सावकाश बदलले पाहिजेत आणि चलनाचा दर झटक्यात. या जास्तीच्या उडीला ‘ओव्हरशूटिंग’ म्हणतात. वाजवी वागण्यातून टोकाचा परिणाम कसा निघतो, हे ज्या नेटकेपणाने या निबंधात दाखवले आहे, त्याला माझ्या मते या विषयात तोड नाही. म्हणून ती वाट आकड्यांनिशी चालून पाहू. आकडे मी हिशेबाला सोपे असे घेतले आहेत.

एक लहानसा देश घ्या. तिथे परकीय चलनाचा एक नग, समजा एक डॉलर, १०० रुपयांना मिळतो. देशातला भावांचा निर्देशांकही १०० आहे. व्याजदर देशात ६ टक्के आणि बाहेरही ६ टक्के. पैसा आत-बाहेर न्यायला कुठलीही आडकाठी नाही आणि चलनबाजारात सरकार हात घालत नाही. एके सकाळी या देशाची मध्यवर्ती बँक जाहीर करते, की पैशाचा पुरवठा १० टक्क्यांनी वाढवला आहे आणि तो कायमचा वाढवला आहे. कुणालाही याची पूर्वकल्पना नव्हती.

याचा शेवट कुठे होणार, हे सांगणे सोपे आहे. पैसा १० टक्के जास्त, वस्तू तेवढ्याच, म्हणजे काही वर्षांनी भाव ११० होणार. डॉलरही ११० रुपये होणार, कारण प्रत्येक रुपयाची किंमत तेवढी कमी झालेली असेल. व्याजदर पुन्हा ६ टक्के. सगळे आकडे दहा टक्क्यांनी फुगले, बाकी काही बदलले नाही. हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे असे धरू.

मग डॉलर त्याच सकाळी सरळ ११० वर जाऊन का थांबत नाही? सगळी गोम इथे आहे. त्या सकाळी दुकानातले भाव अजून १०० च आहेत. व्यवहारांना लागणारा पैसा कालच्याइतकाच आहे, पण हातात तो १० टक्के जास्त आहे. हा जादा पैसा लोक रोख्यांकडे वळवतात. रोख्यांना मागणी वाढली की त्यांची किंमत चढते, आणि ठरावीक परतावा देणारा रोखा महाग झाला म्हणजेच त्यावरचे व्याज उतरले. व्याज उतरत कुठपर्यंत जाते? व्याज इतके कमी झाले आहे, की रोख्यात गुंतवण्यापेक्षा हा जादा पैसा हाताशी असलेला बरा, असे लोकांना वाटेपर्यंत. समजा त्यासाठी ते ६ वरून ४ टक्क्यांवर यावे लागते.

आता गुंतवणूकदाराच्या जागी बसा. बाहेर वर्षाला ६ टक्के मिळतात, इथे ४. डॉलर ११० वर येऊन थांबला असता आणि पुढेही ११० च राहणार असता, तर इथे पैसा ठेवणारा दरवर्षी २ टक्क्यांनी बुडाला असता. असा तोटा कोण सोसेल? सगळे रुपये विकून डॉलर घ्यायला धावतील आणि या विक्रीने रुपया आणखी पडेल. तो पडायचा थांबेल तो अशाच जागी, जिथून पुढच्या वर्षभरात त्याचे २ टक्क्यांनी वर येणे अपेक्षित आहे. तेव्हाच ४ टक्के व्याज अधिक चलनातली २ टक्के कमाई मिळून बाहेरच्या ६ टक्क्यांशी बरोबरी होते. पण रुपयाला शेवटी ११० वर यायचे आहे. तिथे वर चढत पोहोचायचे, तर सुरुवात ११० च्या पलीकडून, म्हणजे आणखी कमजोर जागेवरून करावी लागेल.

किती पलीकडून, याचा हिशेब भाव किती वेगाने हलतात यावरून निघतो. समजा दरवर्षी भावांतली उरलेली निम्मी दरी भरून निघते. पहिल्या वर्षाअखेरीस भाव १०५, दुसऱ्या वर्षाअखेरीस १०७.५, मग १०८.७५. भाव जसे वर येतात तसा व्यवहारांना जास्त पैसा लागतो, हातातला जादा पैसा जिरतो आणि व्याजदर पुन्हा चढतो. पहिल्या वर्षी तो ६ पेक्षा २ टक्के कमी आहे, दुसऱ्या वर्षी १ टक्का, तिसऱ्या वर्षी अर्धा, असे करत तूट संपते. या सगळ्या तुटी मिळवल्या, दोन अधिक एक अधिक अर्धा अधिक पाव, तर बेरीज चार भरते. म्हणून डॉलर पहिल्या सकाळी ११० च्या वर सुमारे चार, म्हणजे ११४ रुपयांच्या आसपास उसळतो. वर्षाने ११२, मग १११, मग ११०.५, असा तो खाली येतो. पैसा वाढला दहा टक्के, डॉलर महागला चौदा टक्के.

ही बेरीज लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण सगळा सिद्धान्त तिच्यात मावतो. जास्तीची उडी म्हणजे पुढच्या सगळ्या वर्षांत या चलनावर जे व्याज कमी मिळणार आहे, त्याची एकरकमी, आगाऊ भरपाई. चलन आधीच इतके स्वस्त होते, की आता ते विकत घेणाऱ्याला व्याजातला तोटा चलनाच्या चढणीतून भरून मिळतो.

भाव आणखी सुस्त असते तर? समजा दरवर्षी निम्म्याऐवजी पाव दरीच भरून निघाली असती. तर व्याजाची तूट २, मग १.५, मग सव्वा टक्क्याच्या आत, अशी रेंगाळत राहते आणि बेरीज आठ होते. डॉलर पहिल्या सकाळी ११८ वर जातो. उलट भाव त्याच सकाळी ११० झाले असते, तर हातात जादा पैसा उरलाच नसता, व्याज ६ टक्केच राहिले असते आणि डॉलर ११० वर जाऊन गप्प बसला असता. म्हणजे चलनबाजारातला धिंगाणा मुळात चलनबाजाराचा नाहीच. भावांना जे झटक्यात करता येत नाही, त्याचा भार चलनाच्या दरावर पडतो, कारण त्या घटकेला हलू शकणारी किंमत तीच असते.

आणि भाव सुस्त असतात हे कुणी सिद्ध करून दाखवायची गरज नाही. पुण्या-मुंबईत भाड्याच्या घराचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. मधे रिझर्व्ह बँकेने काहीही केले तरी भाडे तेच. शाळेची फी वर्षातून एकदा ठरते. पगारवाढ वर्षातून एकदा, संघटनेशी करार असला तर काही वर्षांतून एकदा. कारखान्याला उसासाठी जो किमान दर द्यावा लागतो, तो केंद्र सरकार हंगामाला एकदा जाहीर करते. खानावळीचा मालक दरपत्रक छापून घेतो आणि शेजारच्याने वाढवल्याशिवाय ते बदलत नाही. याउलट चलनाचा दर एका मिनिटात कितीतरी वेळा बदलतो. कांदा-टोमॅटोचे भावही रोज बदलतात हे खरे, पण घरखर्चाचा मोठा भाग ठरवून दिलेल्या आणि मुदतीने बांधलेल्या भावांचा असतो.

मधल्या या काळात देशातल्या माणसांवर काय गुदरते, तेही त्याच आकड्यांत दिसते. पहिल्या सकाळी भाव १०० आणि डॉलर ११४. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने इथला माल एकदम बाराएक टक्क्यांनी स्वस्त झाला. निर्यातदारांकडे मागणी येऊ लागते. आयात करणाऱ्याला आणि डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्याला त्याच सकाळी चौदा टक्के जास्त मोजावे लागतात, आणि त्याच्या गिऱ्हाइकांचे उत्पन्न मात्र अजून हललेले नसते. काही वर्षांनी भाव ११० आणि डॉलर ११०, म्हणजे स्पर्धेत देश जिथे होता तिथेच. निर्यातदाराला मिळालेली सवलत विरून गेलेली असते. त्या उधाणात त्याने नवा कारखाना उभारला असेल, तर तो ११४ च्या हिशेबावर उभा असतो आणि त्याला चालायचे असते ११० च्या जगात. मला या सिद्धान्तातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जी उडी तात्पुरती आहे, ती कायमची समजून घेतलेले निर्णय मात्र तात्पुरते नसतात.

कागदावरचे हे गणित जगात कधी स्वच्छ दिसते का? एका दिवसापुरते तरी ते विलक्षण स्पष्ट दिसले आहे. १८ मार्च २००९ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास, भारतात तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने आपले निवेदन प्रसिद्ध केले. अल्प मुदतीचा व्याजदर तिने डिसेंबर २००८ मध्येच शून्याजवळ आणून ठेवला होता. आता तिने सांगितले, की पुढच्या सहा महिन्यांत ३०० अब्ज डॉलरचे दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे ती विकत घेणार आणि गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांची खरेदीही आणखी ७५० अब्ज डॉलरने वाढवणार. इतकी मोठी खरेदी बाजाराने धरलेली नव्हती.

त्या दुपारी दहा वर्षांच्या अमेरिकी सरकारी रोख्यावरचे व्याज सुमारे तीन टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले. एका दिवसात अर्धा टक्का ही रोखेबाजाराच्या मानाने प्रचंड घसरण. त्याच दिवशी युरोच्या तुलनेत डॉलर तीन टक्क्यांहून जास्त पडला, १.३० डॉलरच्या आसपास असलेला युरो १.३५ कडे गेला. अमेरिकेतल्या दुकानात त्या संध्याकाळी पावाची आणि दुधाची किंमत तीच होती जी सकाळी होती. आणि फेडने नव्या घोषणेतला एकही रोखा अजून विकत घेतलेला नव्हता. उडी घोषणेला पडते, प्रत्यक्ष नोटा किंवा ठेवी वाढायची वाट पाहत नाही, हेही इथे दिसून येते.

आता आपली बेरीज लावून बघू. दहा वर्षांच्या रोख्यावर वर्षाला अर्धा टक्का कमी म्हणजे दहा वर्षांत मिळून पाच टक्के कमी. पण त्या दिवसांत युरोपातल्या रोख्यांवरचे व्याजही थोडे उतरले, म्हणून दोन्हींमधली तफावत अर्ध्या टक्क्यापेक्षा कमीच वाढली. ती एक तृतीयांश टक्का धरली तर दहा वर्षांत साडेतीन टक्क्यांच्या जवळपास होते. दहा वर्षांनंतरच्या डॉलरबद्दलचा बाजाराचा अंदाज बदललेला नाही असे मानले, तर डॉलरने आज साधारण तेवढेच पडायला हवे होते, आणि तो जवळपास तेवढाच पडला. अंदाजही थोडा खाली आला असेल तर घसरण आणखी मोठी दिसायला हवी होती. दीर्घ मुदतीच्या व्याजात पुढच्या व्याजदरांच्या अंदाजाबरोबर जोखमीचा मोबदलाही मिसळलेला असतो, त्यामुळे या हिशेबाला सोन्याच्या काट्याची अचूकता नाही. तरी दिशा आणि आकार दोन्ही जुळतात, आणि चलनांच्या दुनियेत एवढे जुळणे दुर्मीळ आहे.

त्यानंतर मात्र चित्र लगेच गढूळ झाले. महिन्याभरात युरो पुन्हा १.३० च्या आसपास आला. वर्षअखेरीकडे तो १.५० पर्यंत चढला आणि २०१० च्या जूनमध्ये ग्रीसच्या कर्जसंकटात १.२० च्याही खाली गेला. यातली कुठलीच हालचाल डॉर्नबुश यांच्या सावकाश सावरण्याचा पुरावा म्हणून मांडता येणार नाही. त्यांच्या गणितातली चढण वर्षाला अर्ध्याएक टक्क्याची असते आणि रोजच्या बातम्या दराला एका आठवड्यात त्याच्या कितीतरी पट हलवतात. उडी डोळ्यांनी दिसते, कारण ती एका दुपारी घडते. परतीची वाट इतर सगळ्या गोंगाटात हरवते.

ती वाट शोधायला मोठा कालखंड आणि संख्याशास्त्र लागते, आणि तिथे डॉर्नबुश यांच्या सिद्धान्ताला पहिला मोठा धक्का बसला. मार्टिन आयकेनबॉम आणि चार्ल्स इव्हान्स यांनी १९९५ साली अमेरिकेच्या आकडेवारीवर दाखवले, की फेडने पैसा आवळल्यावर डॉलर पहिल्याच दिवशी शिखर गाठून उतरायला लागत नाही. तो दोनतीन वर्षे चढतच राहतो आणि मग उतरतो. पैसा सैल सोडल्यावरचे चित्र याच्या उलट, म्हणजे डॉलर दोनतीन वर्षे घसरतच राहणार. हे खरे असेल तर गुंतवणूकदाराला इतकी वर्षे सोपी कमाई उपलब्ध होती आणि कोणी ती उचलली नाही, असा त्याचा अर्थ होतो. व्याज जास्त देणारे चलन वर घसरायच्या ऐवजी चढतही असेल, तर दोन्ही हातांनी लाभ. हे कोडे पुढे वीसएक वर्षे चघळले गेले. २०१७ मध्ये किम, मून आणि वेलास्को यांनी दाखवले, की हा उशीर मुख्यतः १९८० च्या आसपासच्या, पॉल व्होल्कर फेडचे अध्यक्ष असतानाच्या वर्षांतून येतो. ती वर्षे वेगळी काढली तर उडी लवकर येते आणि परतीचा प्रवासही जवळपास जसा असायला हवा तसा सुरू होतो. व्होल्कर यांच्या काळात ते खरोखरच महागाई मोडेपर्यंत व्याज चढे ठेवतील, यावर लोकांचा विश्वास बसायलाच वेळ लागला, हे स्पष्टीकरण मला पटते. कायमचा बदल कायमचा आहे हे सगळ्यांना त्याच सकाळी कळते, असे आपण उदाहरणात धरले होते. प्रत्यक्षात ते हळूहळू कळत असेल, तर उडीही हप्त्याहप्त्याने पडणार.

दुसरी मर्यादा डॉर्नबुश यांनी स्वतःच त्या निबंधात नोंदवली होती. आपण उत्पादन स्थिर धरले. पण पैसा सैल झाल्यावर आणि चलन स्वस्त झाल्यावर कारखान्यांनी चटकन उत्पादन वाढवले, तर लोकांचे उत्पन्न वाढते, व्यवहार वाढतात आणि जादा पैसा तिकडेच खपतो. मग व्याज फारसे उतरत नाही, कदाचित उतरतच नाही. व्याजाची तूट नसेल तर भरपाईची उडीही नाही, आणि डॉलर ११० पर्यंतही एका दमात न जाता हळूहळू पोहोचू शकतो. म्हणून ओव्हरशूटिंग ही प्रत्येक वेळी घडणारी गोष्ट नाही. व्याजदर उतरला का, हा त्याचा कस आहे.

हाच कस लावला की आपल्याकडचा एक गाजलेला प्रसंग वेगळ्या खणात ठेवावा लागतो. २२ मे २०१३ रोजी फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी कमी करण्याचे सूतोवाच केले. तेव्हा डॉलर ५५-५६ रुपयांना होता. २८ ऑगस्टला तो ६८ च्या पलीकडे गेला आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ६१-६२ वर परतला. ऑगस्टअखेरीस ज्यांनी मुलांची परदेशातली फी भरली आणि ज्यांनी ऑक्टोबरमध्ये भरली, त्यांच्यात प्रत्येक डॉलरमागे सहाएक रुपयांचा फरक पडला. उडी आणि परत फिरणे, दोन्ही अगदी डोळ्यांपुढे. साहजिकच त्याला ओव्हरशूटिंग म्हटले गेले.

पण भारतातले व्याजदर त्या काळात कुठे चालले होते? वर. १५ जुलैला रिझर्व्ह बँकेने बँकांना तातडीने मिळणाऱ्या पैशाचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला आणि पैसा आवळला. रुपया पडत होता आणि व्याज चढत होते. डॉर्नबुश यांच्या पैसावाढीत चलन पडते ते व्याज उतरले म्हणून, आणि पडलेल्या जागेवरून ते सावरेल असा बाजाराचाच भरवसा असतो. २०१३ मध्ये तो भरवसाच सुटला होता. परकी पैसा काढता पाय घेत होता, चालू खात्यावरची तूट मोठी होती आणि रुपयात पैसा ठेवायचा तर लोक जास्त मोबदला मागत होते. रुपया सावरला तोही भाव हळूहळू वर आले म्हणून नव्हे. फेडने सप्टेंबरमध्ये खरेदी कमी करणे पुढे ढकलले आणि रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवी आणणाऱ्या बँकांना स्वस्तात विनिमयाची हमी दिली, यांमुळे तो सावरला. दोन्ही प्रसंगांत आलेख सारखाच दिसतो, पण उपाय उलटे असतात. पहिल्या प्रकारात काही न करता थांबले तरी चलन परत येते. दुसऱ्या प्रकारात थांबून बघणे महागात पडू शकते.

फरक ओळखायचा आणखी एक मार्ग बँकेच्या वायदा दरात आहे, म्हणजे आज ठरवून वर्षभराने डॉलर घेण्याचा किंवा देण्याचा भाव. आपल्या उदाहरणातल्या देशात पहिल्या सकाळी आजचा डॉलर ११४ आणि वर्षाने घ्यायचा डॉलर ११२ असा भाव मिळेल, कारण व्याजातली २ टक्क्यांची तफावत बँक त्यातच गुंफते. आजच्यापेक्षा उद्याचा डॉलर स्वस्त, ही पैसावाढीनंतरच्या जास्तीच्या उडीची खूण. भारतात वायद्याचा डॉलर बहुतेक वेळा आजच्यापेक्षा महाग असतो, कारण इथले व्याज बहुतेक वेळा अमेरिकेपेक्षा जास्त असते. रिझर्व्ह बँकेने अनपेक्षितपणे व्याज उतरवले तर त्या दोन भावांतले अंतर थोडे आकसते, आजचा डॉलर थोडा उसळतो, पण उदाहरणातल्या देशासारखी मोकळी उडी इथे सहसा दिसत नाही. पैसा आत-बाहेर नेण्यावर बंधने आहेत आणि रुपया फार वेगाने हलू लागला की रिझर्व्ह बँक स्वतः डॉलर विकते किंवा घेते. दराने जी उडी मारली असती, तिचा काही भाग मग परकीय गंगाजळीतल्या घटीत किंवा वाढीत उतरतो. रुपया शांत दिसत असेल, तर त्या आठवड्याचा गंगाजळीचा आकडा शेजारी ठेवून पाहावा लागतो.